२६ पानांचं उत्तर: कात्री कुठे लावायची?

*मॅडम, नमस्कार. पीएचडीतला माझा पहिला पेपर 'मेजर रिव्हिजन'साठी परत आला आहे. तीन रिव्ह्यूअर आणि एडिटर मिळून ४१ मुद्दे आहेत. मुद्देसूद उत्तर लिहिता लिहिता पत्र २६ पानांचं झालं. एक को-ऑथर म्हणतात, एवढं कोणी वाचणार नाही, निम्मं कर. गाईड म्हणतात, एकही मुद्दा सुटता कामा नये. मी कापायला बसले की उत्तरं तुटक आणि उद्धट वाटायला लागतात, मग पुन्हा वाढवते. नेमकं काय काढू? पूर्ण मसुदा सोबत जोडला आहे. सगळ्यात जास्त अडले आहे ती दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या चौथ्या मुद्द्यावर.*

*— एक संशोधक विद्यार्थिनी*

नमस्कार,

तुमच्या २६ पानांपैकी साधारण सात पानं रिव्ह्यूअरांच्या स्वतःच्या शब्दांची आहेत. ती जशीच्या तशी राहू द्या. लांब कॉमेंटचा दोन ओळींत सारांश करून जागा वाचवावी असं वाटतं खरं, पण तो सारांश रिव्ह्यूअर वाचतो तेव्हा आपल्या बोलण्यातलं काय गाळलं हेच आधी शोधतो. एडिटरलाही मग मूळ रिपोर्ट शेजारी उघडून ताळा करत बसावं लागतं. कापायचं ते उरलेल्या १९ पानांतून, आणि त्यातली निम्म्याहून जास्त निघतील असं मसुदा वाचून मला वाटतं.

हे पत्र कसं वाचलं जातं ते आधी सांगते, कारण काय ठेवायचं ते त्यावरूनच ठरतं. पहिला वाचक एडिटर. उत्तरं स्पष्ट आणि बदल पटण्यासारखे असतील तर काही वेळा एडिटर स्वतःच निर्णय घेतो आणि पेपर पुन्हा रिव्ह्यूअरांकडे जातही नाही. गेलाच, तर रिव्ह्यूअर पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत नाही. तो थेट आपल्या मुद्द्यांवर येतो. मधे बरेच आठवडे गेलेले असतात, त्यामुळे आपण काय लिहिलं होतं तेही त्याला अर्धवटच आठवत असतं. प्रत्येक मुद्द्याखाली त्याला तीन गोष्टी हव्या असतात: माझं म्हणणं मान्य केलं की नाही, त्यावर काय केलं, आणि ते पेपरात कुठे दिसेल. मान्य केलं नसेल तर त्याचं कारण. यांपैकी कशातच न बसणारं वाक्य काढलं तर कोणालाही त्याची उणीव भासत नाही.

आता तुमची पानं कशाने वाढली ते पाहू. मुद्दे ४१ आहेत हे त्याचं कारण नाही. तुमची पन्नास शब्दांची उत्तरंही मी पाहिली, ती उत्तम आहेत. वाढ तीन ठिकाणी झाली आहे. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला आभाराचं एक लांब वाक्य आहे. मग तुम्ही त्या निर्णयापर्यंत कसकशा पोचलात याची हकिकत आहे. आणि शेवटी पेपरातला नवा परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला आहे. दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या चौथ्या मुद्द्यात हे तिन्ही आहे, म्हणून तोच घेऊन बसू. पत्र इंग्रजीत जाणार आहे, पण इथे मी सगळं मराठीतच लिहिते.

रिव्ह्यूअरचा मुद्दा असा आहे:

> "एकाच व्यक्तीच्या अनेक दिवसांच्या झोपेच्या नोंदी स्वतंत्र धरून टी-टेस्ट लावली आहे, हे योग्य वाटत नाही. सहभागींची ३८ ही संख्या कशी ठरवली तेही कळत नाही. लेखकांनी पॉवर कॅल्क्युलेशन द्यावं. चर्चेत 'रात्रपाळीमुळे झोप घटते' असं म्हटलं आहे, पण या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. सेन्सर न घातलेल्या दिवसांचं काय केलं असेल, असाही प्रश्न मनात आला."

आणि तुमचं उत्तर असं सुरू होतं:

> "आमच्या लेखनाचं इतक्या बारकाईने आणि आस्थेने परीक्षण करून हा अत्यंत मोलाचा मुद्दा निदर्शनास आणून दिल्याबद्दल आम्ही सन्माननीय रिव्ह्यूअरांचे मनःपूर्वक ऋणी आहोत. टी-टेस्ट ही झोपेच्या अभ्यासांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, हे इथे नम्रपणे नमूद करावंसं वाटतं. तथापि, या सूचनेनंतर आम्ही संख्याशास्त्राच्या तज्ज्ञांशी सविस्तर चर्चा केली. सुरुवातीला आम्ही रिपीटेड मेझर्स अनोव्हा करून पाहिला, परंतु काही नोंदी उपलब्ध नसल्यामुळे तो समाधानकारक ठरला नाही. त्यानंतर..."

हे असं दोन पानं चालतं. मिक्स्ड मॉडेल वापरलं ही मुख्य गोष्ट पहिल्या पानाच्या तळाशी येते. नवा निकाल दुसऱ्या पानावर आहे, आणि तोही चिकटवलेल्या परिच्छेदाच्या आत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौथ्या प्रश्नाला, सेन्सर न घातलेल्या दिवसांच्या, तुम्ही उत्तरच दिलेलं नाही. अनोव्हाच्या हकिकतीत 'काही नोंदी उपलब्ध नसल्यामुळे' एवढा ओझरता उल्लेख येतो आणि पुढे जातो. दोन पानं लिहून चारांपैकी एक प्रश्न राहून गेला, आणि तो राहिला हे तुमच्या लक्षात आलं नाही याचं कारणही ती दोन पानंच आहेत. गाईडचं आणि को-ऑथरांचं म्हणणं तुम्हाला एकमेकांच्या विरुद्ध वाटतं आहे. या मुद्द्यावर तरी ते एकच आहे.

म्हणून कात्री लावण्याआधी कॉमेंट फोडा. एका क्रमांकाखाली किती मागण्या आहेत ते मोजा आणि प्रत्येकीला अक्षर द्या: २.४ अ, आ, इ, ई. रिव्ह्यूअरने दिलेला मूळ क्रमांक मात्र बदलू नका, नाहीतर त्याला आपला मुद्दा सापडणार नाही. मागणी दर वेळी प्रश्नचिन्ह घेऊन येत नाही. 'कळत नाही', 'प्रश्न मनात आला', 'वाचकाला गोंधळ होऊ शकतो' ही सगळी मागणीचीच रूपं आहेत, आणि सुटतात बहुतेक हीच.

आता हेच उत्तर मी असं लिहीन:

> उत्तर २.४
>
> अ. विश्लेषण. मान्य. एकाच व्यक्तीच्या नोंदी एकमेकींशी निगडित असतात. त्यामुळे टी-टेस्टऐवजी आता प्रत्येक व्यक्तीसाठी रँडम इंटरसेप्ट असलेलं लिनिअर मिक्स्ड मॉडेल वापरलं आहे. दोन्ही पाळ्यांच्या झोपेतला फरक ५२ ऐवजी ४९ मिनिटं आला. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४१ ते ६३ ऐवजी २८ ते ७० मिनिटं झाला. फरकाची दिशा तीच आहे, पण आमच्या आधीच्या विश्लेषणात अनिश्चितता कमी दिसत होती. (ओळी १४२–१५१, तक्ता २)
>
> आ. सहभागींची संख्या. ही संख्या आधी गणिताने ठरवलेली नव्हती. उपलब्ध सेन्सर आणि अभ्यासाची मुदत यांवरून ती ठरली. हे आता पद्धतीत लिहिलं आहे (ओळी ११८–१२०). मिळालेल्या निकालावरून मागाहून काढलेली पॉवर पी-व्हॅल्यूपेक्षा वेगळी माहिती देत नाही, म्हणून ती दिलेली नाही. अंदाज किती अचूक आहे ते दिसावं यासाठी सर्व निकालांसोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल दिले आहेत, आणि लहान संख्येचा उल्लेख मर्यादांमध्ये केला आहे (ओळी ३०१–३०४).
>
> इ. कार्यकारणाची भाषा. मान्य. 'रात्रपाळीमुळे झोप घटते' याऐवजी 'रात्रपाळीत काम करणाऱ्यांची झोप कमी आढळली' असं केलं आहे. सारांश आणि निष्कर्षातही हाच बदल केला आहे. (ओळी २२, २६८, ३१९)
>
> ई. सेन्सर न घातलेले दिवस. ३८ जणांचे प्रत्येकी १४ दिवस, म्हणजे ५३२ पैकी ४९७ नोंदी मिळाल्या. उरलेल्या ३५ अंदाजाने भरलेल्या नाहीत. मॉडेलमध्ये मिळालेल्या सर्व नोंदी घेतल्या आहेत. गटवार विभागणी पूरक तक्ता ३ मध्ये नव्याने दिली आहे. (ओळी १३३–१३६)

हे पाऊण पानात बसतं. ओळींचे आकडे मी नमुन्यादाखल घातले आहेत. शेवटच्या भागातलं ४९७ तुमच्याच तक्त्यातलं आहे; उरलेल्या ३५ नोंदी खरंच सेन्सर न घातल्यामुळेच नाहीत का, की काही सेन्सर बिघडले होते, हे तपासून मगच ते वाक्य ठेवा. पूरक तक्ताही आधी तयार करा आणि मग त्याचा उल्लेख करा.

यातून काय गेलं? अनोव्हाचा प्रयत्न गेला. तुम्ही त्यावर बरीच मेहनत घेतली आहे हे मला दिसतं, आणि ती दाखवावी वाटणं स्वाभाविक आहे. पण रिव्ह्यूअरने अनोव्हा मागितला नव्हता, आणि जे पेपरात नाही त्याबद्दल वाचून त्याला नवा प्रश्न सुचू शकतो: समाधानकारक नव्हता म्हणजे निकाल काय आला होता? अपवाद एकच. रिव्ह्यूअरने जी पद्धत नाव घेऊन सुचवली ती तुम्ही करून पाहिली आणि वापरली नाही, तर ते सांगायलाच हवं, निकालासकट.

'टी-टेस्ट मोठ्या प्रमाणावर वापरली जाते' हे वाक्यही गेलं. तुम्ही मुद्दा मान्य करून पद्धत बदलली आहे. मग जुन्या पद्धतीची बाजू मांडल्याने मान्य केल्याचा सूर मात्र बिघडतो. 'नम्रपणे' हा शब्द असलेलं ते वाक्य मला तुमच्या उत्तरातलं सगळ्यात कमी नम्र वाटलं.

चिकटवलेला परिच्छेद गेला, त्याच्या जागी ओळींचे क्रमांक आले. इथे थोडा विवेक लागतो. बदल एका-दोन वाक्यांचा असेल आणि मुद्दा शब्दयोजनेचाच असेल, तर नवं वाक्य उत्तरात उद्धृत करावं. वरच्या 'इ'मध्ये मी तसंच केलं आहे, कारण रिव्ह्यूअरला तिथे शब्दच तपासायचे आहेत. बदल परिच्छेदभर असेल तर एका वाक्यात त्याचा गाभा सांगून जागा दाखवावी. जर्नलच्या सूचनांमध्ये बदललेला मजकूर पत्रात पूर्ण द्या असं स्पष्ट लिहिलं असेल, तर अर्थातच ते पाळायचं. तिथे पानं वाढली तरी चालतात.

आणि काय राहिलं तेही पाहा. निकाल बदलला, इंटरव्हल जवळजवळ दुप्पट रुंद झाला, ही गैरसोयीची गोष्ट उत्तरात अगदी वर आहे. लांब उत्तरात ती आत कुठेतरी दडते, आणि रिव्ह्यूअरला ती तक्ता २ मध्ये स्वतःहून सापडली तर लपवली असं त्याला वाटतं. कापताना असे आकडे कधी कापू नका.

तुम्हाला तुटकपणाची भीती वाटते, त्याबद्दल आता बोलते. वरच्या उत्तरात आभाराचं एकही वाक्य नाही. तरी ते उद्धट वाटतं का? 'मान्य' या शब्दानंतर लगेच कारण आलं आहे: नोंदी एकमेकींशी निगडित असतात. रिव्ह्यूअरचं म्हणणं तुम्हाला पटलं, आणि का पटलं, हे तुम्ही त्याला तुमच्या शब्दांत सांगितलं. त्याच्या मेहनतीचा मान यातच राखला जातो. उद्धट वाटतं ते 'केलं आहे', 'मजकुरात सुधारणा केली', 'कृपया पेपर पाहा' असं एका ओळीचं उत्तर, कारण त्यात काय केलं ते शोधण्याचं काम आपण रिव्ह्यूअरवर ढकललेलं असतं. छोटं उत्तर तुटक झालं की नाही हे ओळखायची माझी खूण अशी: फक्त ते उत्तर वाचून, पेपर न उघडता, काय बदललं ते सांगता येतं का? येत असेल तर ते पुरेसं आहे, मग ते वीस शब्दांचं का असेना.

आभार एकदा, प्रत्येक रिव्ह्यूअरच्या विभागाच्या सुरुवातीला, आणि नेमके. 'आपल्या मोलाच्या सूचनांबद्दल आभारी आहोत' हे तीनदा लिहिण्यापेक्षा दुसऱ्या रिव्ह्यूअरला लिहा: 'नोंदींच्या परस्परसंबंधाबद्दलच्या मुद्द्यामुळे मुख्य विश्लेषण बदललं आणि निष्कर्ष अधिक सावध झाले, त्याबद्दल आभार.' हे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, म्हणून ते खरं वाटतं. मग खाली चौदा उत्तरांत आभाराची चौदा वाक्यं लागत नाहीत. एखाद्या मुद्द्याने खरोखरच चूक वाचवली असेल, तर तिथे 'ही चूक दाखवल्याबद्दल आभार' एवढं जरूर राहू द्या.

सूर बिघडवणारे काही वाक्प्रयोग तुमच्या मसुद्यात वारंवार येतात, आणि गंमत म्हणजे ते जागाही तेवढीच खातात. 'आम्ही आधीच नमूद केल्याप्रमाणे' हा त्यातला सगळ्यात वाईट. त्याचा अर्थ 'तुम्ही नीट वाचलं नाहीत' असा होतो. माहिती पेपरात होती आणि रिव्ह्यूअरला दिसली नाही, तर लिहा: 'ही माहिती पद्धतीच्या शेवटी असल्याने नजरेतून सुटण्यासारखी होती, ती आता पहिल्या परिच्छेदात आणली आहे (ओळ ९८).' आणि खरंच पुढे आणा. 'रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला आहे' याऐवजी 'आमचं वाक्य संदिग्ध होतं'. एका जाणकार वाचकाचा गैरसमज झाला तर आणखी दहा जणांचा होणार, त्यामुळे हे निव्वळ सौजन्यही नाही.

नकार देताना पानं सगळ्यात जास्त वाढतात. तुमच्याकडे असे पाच मुद्दे आहेत आणि त्यांनीच पाच पानं घेतली आहेत. आपण नाही म्हणतोय याचा संकोच असतो, म्हणून एकामागून एक कारणं दिली जातात. मागाहून काढायच्या पॉवरबद्दल तुमच्या मसुद्यात चार कारणं आहेत: ती आमच्या क्षेत्रात सहसा देत नाहीत, जागा नाही, नमुना तसाही पुरेसा आहे, आणि ती पी-व्हॅल्यूवरूनच ठरते. यातलं शेवटचं कारण भक्कम आहे. मिळालेल्या परिणामाचाच आकार धरून पॉवर काढली, की ती पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असते. निकाल ठळक नसेल तेव्हा ती आपोआप कमी येते. त्यातून नवं काही कळत नाही. पहिली तीन कारणं कच्ची आहेत, आणि रिव्ह्यूअर नेमक्या कच्च्या कारणाला उत्तर देतो. 'नमुना पुरेसा आहे' हे तर तुमच्याच नव्या इंटरव्हलशी विसंगत आहे. एकच कारण द्या, सगळ्यात पक्कं.

आणि नुसता नकार देऊन थांबू नका. रिव्ह्यूअरच्या मागणीमागे एक काळजी असते: इथे, ३८ जणांवरून एवढं म्हणता येतं का? मागितलेली गोष्ट देता आली नाही तरी त्या काळजीला उत्तर देता येतं. म्हणून 'आ'मध्ये कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि मर्यादांमधला उल्लेख आहे. तिसऱ्या रिव्ह्यूअरने लाळेतल्या मेलाटोनिनची मोजणी मागितली आहे, ती अभ्यास संपल्यावर आता करता येणार नाही. तिथे तुम्ही दीड पान लिहिलं आहे. एवढं पुरे: 'ही मोजणी उपयुक्त ठरली असती हे मान्य आहे. माहिती गोळा करताना लाळेचे नमुने घेतलेले नव्हते, त्यामुळे ती आता शक्य नाही. शरीराच्या घड्याळाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही असं मर्यादांमध्ये जोडलं आहे, आणि चर्चेतलं त्याबद्दलचं वाक्य काढलं आहे (ओळी ३०५–३०८, २७५).' शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. मोजलं नाही त्याबद्दल चर्चेत ठाम विधान राहिलं, तर मर्यादांमधलं वाक्य पोकळ ठरतं.

एकच गोष्ट दोघांनी विचारली असेल तर काय करायचं? पहिल्या आणि तिसऱ्या रिव्ह्यूअरने दोन गटांच्या वयातल्या फरकाबद्दल विचारलं आहे, आणि तुम्ही तेच अर्धं पान दोनदा दिलं आहे. पूर्ण उत्तर एकदा द्या. दुसऱ्या ठिकाणी नुसतं 'उत्तर १.२ पाहा' असं मात्र नको. तिसरा रिव्ह्यूअर पहिल्याच्या विभागात का जाईल? तिथे एका वाक्यात गाभा लिहा, 'वय आता मॉडेलमध्ये घेतलं आहे आणि फरक टिकून आहे (तक्ता २). तपशील उत्तर १.२ मध्ये'. प्रश्न अगदी सारखाच आहे ना, हेही पाहा. तिसऱ्याने वयासोबत नोकरीची वर्षंही विचारली आहेत, आणि ती १.२ मध्ये नाहीत.

दोघांच्या मागण्या एकमेकींच्या उलट असतील तर गोष्ट वेगळी. पहिल्याला प्रस्तावना लहान हवी आहे, तिसऱ्याला तिच्यात आणखी साहित्य हवं आहे. तुम्ही दोघांनाही 'हो' म्हटलं आहे, आणि दोघंही आपापल्या जागी ते वाचून फसवणूक झाल्यासारखं मानतील, कारण बऱ्याच जर्नलांत रिव्ह्यूअरांना एकमेकांचे रिपोर्ट आणि पूर्ण पत्र दिसतं. काय केलं ते सरळ सांगा: सर्वसाधारण पार्श्वभूमी कमी केली, आणि तिसऱ्याने सुचवलेल्या संदर्भांपैकी पाळीच्या कामाशी थेट संबंध असलेले घेतले. हा पेच एडिटरसाठीच्या सुरुवातीच्या मजकुरातही दोन वाक्यांत मांडा, म्हणजे त्याला हवं असेल तर तो कौल देऊ शकेल.

तो सुरुवातीचा मजकूर अर्ध्या पानाहून मोठा नको. सध्या तुमच्याकडे दोन पानं आहेत आणि त्यात सगळ्या ४१ मुद्द्यांचा आढावा आहे. तिथे फक्त मोठे बदल यावेत: विश्लेषण बदललं, त्यामुळे मुख्य आकडा असा झाला, निष्कर्षाची भाषा सौम्य केली, एक पूरक तक्ता जोडला, या दोन गोष्टी केल्या नाहीत आणि त्यांची कारणं अमुक उत्तरांत आहेत. एडिटरने स्वतः मांडलेले मुद्दे असतील तर त्यांचा वेगळा विभाग सगळ्यात आधी. तुमच्या मसुद्यात एडिटरचा डेटा-उपलब्धतेबद्दलचा मुद्दा पहिल्या रिव्ह्यूअरच्या विभागात मिसळला गेला आहे.

टायपो, संदर्भाचं चुकलेलं वर्ष, आकृतीतली लहान अक्षरं अशा किरकोळ मुद्द्यांना 'दुरुस्त केलं, ओळ ५७' एवढंच पुरतं. मात्र ते एकत्र करून 'सर्व किरकोळ चुका दुरुस्त केल्या आहेत' असं लिहू नका. प्रत्येकाची आपली ओळ राहू द्या.

रंगांबद्दलही सांगायला हवं. तुम्ही रिव्ह्यूअरांचा मजकूर काळा, उत्तर निळं आणि नवा मजकूर लाल ठेवला आहे. काही सबमिशन सिस्टीममध्ये उत्तर साध्या टेक्स्टच्या चौकटीत चिकटवावं लागतं, तिथे रंग आणि ठळक अक्षरं दोन्ही जातात, आणि कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. 'कॉमेंट २.४', 'उत्तर २.४' असे शब्दच लिहिले की रंग गेला तरी काही बिघडत नाही.

कापून झाल्यावर तपासणी मात्र आपल्या पत्रावरून करू नका. एडिटरची मूळ ईमेल छापून घ्या आणि तिच्यावर खुणा करा. प्रत्येक मागणीखाली रेघ ओढायची आणि तिचं उत्तर पत्रात सापडलं की शेजारी त्याचा क्रमांक लिहायचा. रिपोर्टचा पहिला परिच्छेदही यात धरा. रिव्ह्यूअर तिथे पेपराचा सारांश देताना 'नमुना मर्यादित असला तरी' असं काहीतरी बोलून जातो, आणि त्याला क्रमांक नसल्यामुळे कोणीच उत्तर देत नाही. तुमच्या पहिल्या रिव्ह्यूअरने त्या परिच्छेदात शीर्षक फार व्यापक असल्याचं म्हटलं आहे. तुमच्या २६ पानांत त्याबद्दल काही नाही. 'सर्वसाधारण अभिप्राय' असा विभाग करून तो मुद्दा तिथे घ्या.

मग उलट दिशेने जा. पत्रात जिथे जिथे 'जोडलं', 'काढलं', 'बदललं' असं आहे, ते पेपरात खरंच झालं आहे का ते एकेक करून पाहा. हे काम को-ऑथरांपैकी ज्यांनी पत्र लिहिलेलं नाही त्यांच्याकडे द्या. तुम्हाला ते आधीच झाल्यासारखं वाटत राहील. निम्मं कर म्हणणारे को-ऑथर यासाठी अगदी योग्य आहेत.

ओळींचे क्रमांक सगळ्यात शेवटी भरा, पेपरातला शेवटचा स्वल्पविराम बसल्यानंतर. तोपर्यंत पत्रात त्या जागी 'ओळ ××' ठेवा, म्हणजे शोधून एकही राहणार नाही. ट्रॅक चेंजेस असलेल्या आणि स्वच्छ अशा दोन फायलींतले क्रमांक जुळत नाहीत, म्हणून तुम्ही कोणत्या फायलीतले दिले आहेत ते पत्राच्या सुरुवातीलाच एका वाक्यात लिहा. मी स्वच्छ फायलीतले देते, कारण ट्रॅक चेंजेसच्या फायलीत खोडलेला मजकूर दाखवायचा की नाही यावर ओळी बदलतात, आणि रिव्ह्यूअरच्या संगणकावर तुमच्यापेक्षा वेगळ्या ओळी दिसू शकतात. दोन्ही फायली पीडीएफ करूनच अपलोड करता येत असतील तर तसंच करा.